वीस कोयते, चाळीस माणसे

गेल्या महिन्यात पुण्यातल्या एका महाविद्यालयाच्या संशोधन समितीच्या बैठकीला मी बाहेरचा सदस्य म्हणून गेलो होतो. विषय एकच होता. विद्यार्थ्यांनी किंवा प्राध्यापकांनी सादर केलेल्या शोधनिबंधात एआयने लिहिलेला मजकूर असेल, तर काय करायचे? दीड तास चर्चा झाली आणि त्या दीड तासात दोनच बाजू ऐकू आल्या. एक बाजू म्हणत होती, मजकूर सॉफ्टवेअरमधून तपासा आणि एआयचे प्रमाण दहा टक्क्यांच्या वर दिसले की निबंध परत पाठवा. दुसरी बाजू विचारत होती, गणित कॅल्क्युलेटरवर केले असे कोणी निबंधात लिहिते का? मग हे तरी कशाला लिहायचे? दोघांचेही लक्ष लिहिणाऱ्यावर होते. त्याने लबाडी केली का, त्याला धरायचे की सोडायचे. तो निबंध पुढे ज्याच्या हाती पडणार आहे, त्या वाचकाला काय कळायला हवे, हा प्रश्न कोणी काढलाच नाही. माझ्या मते हा सगळा वाद त्या एका प्रश्नापासून सुरू व्हायला हवा होता.

माझी भूमिका आधीच सांगतो. एआयने तयार केलेला मजकूर निबंधात गेला असेल तर ते सांगितलेच पाहिजे. ‘एआयचा वापर केला आहे’ एवढ्या एका ओळीने भागणार नाही. कोणते साधन, निबंधाच्या कोणत्या भागात, कोणत्या कामासाठी आणि त्यानंतर लेखकाने स्वतः काय काय पडताळून पाहिले, हे सांगायला हवे. आणि तितक्याच ठामपणे माझे म्हणणे असे की, कोणत्याही तथ्याला आधार म्हणून त्या साधनाचा संदर्भ देऊ नये. वापर जाहीर करणे आणि संदर्भ देणे ही दोन वेगळी कामे आहेत. बैठकीत ती सतत एकमेकांत मिसळत होती, आणि बराचसा गोंधळ त्यातूनच झाला.

हे मत मी पुस्तकी नियमांवरून बनवलेले नाही. गेल्या वर्षी एका जर्नलकडून माझ्याकडे परीक्षणासाठी एक इंग्रजी निबंध आला. विषय ऊसतोड कामगारांच्या कर्जबाजारीपणाचा. मुलाखती बीड जिल्ह्यातल्या गावांत मराठीत घेतलेल्या, लेखन पुण्यात बसून केलेले. भाषा स्वच्छ, तक्ते नीटनेटके, एकही व्याकरणाची चूक नाही. एका टोळीबद्दल लिहिले होते की तिच्यात ‘ट्वेन्टी सिकल्स’ होते, मुकादमाने तिला वीस लाखांचे ‘लोन’ दिले होते, आणि म्हणून दर कामगारामागे एक लाखाचा बोजा होता. (आकडे इथे सोपे करून घेतले आहेत, गुणोत्तर तेच आहे.) पहिल्या वाचनात मला काहीच खटकले नाही. दुसऱ्या वाचनात पुढच्या परिच्छेदाशी अडलो. त्याच टोळीत वीस बायका होत्या असे तिथे लिहिले होते. मग पुरुष गेले कुठे?

ज्याने उसाचा फड जवळून पाहिला आहे त्याला उत्तर लगेच कळेल. ऊसतोडीच्या हिशेबात कोयता हे हत्यार नसते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस असेल तर तो अर्धा कोयता. उचल ठरते ती कोयत्यावर, माणशी नव्हे. वीस कोयते म्हणजे चाळीस माणसे, आणि दर माणशी बोजा एक लाख नव्हे तर पन्नास हजार. भाषांतर करणाऱ्या साधनाने ‘कोयते’चे ‘सिकल्स’ केले, शब्दकोशाप्रमाणे ते चूकही नाही, आणि निबंधातला मुख्य आकडा दुप्पट झाला. त्याहून गंभीर गोष्ट अशी की त्या इंग्रजी वाक्यातून बायका मजूर म्हणून नाहीशाच झाल्या. ज्या निबंधाचा विषयच त्यांचे कर्ज होता, त्यात त्यांचे श्रम मोजणीतून गळाले.

चूक कशी झाली हे मी नंतर समजून घेतले, कारण त्यात शिकण्यासारखे आहे. लेखिकेच्या वहीत ‘वीस कोयते’ बरोबर लिहिलेले होते आणि कोयता म्हणजे काय हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होते. पण तिने मुलाखतींच्या नोंदी एका संभाषणी साधनात टाकून इंग्रजी करून घेतल्या, त्यावरून इंग्रजी तक्ता बनवला, आणि दोन महिन्यांनी विश्लेषणाला बसली तेव्हा समोर फक्त तो तक्ता होता. तोवर वही बाजूला पडली होती. ‘सिकल्स’च्या रकान्यात वीस हा आकडा, ‘लोन’च्या रकान्यात वीस लाख. भागाकार कोणीही तसाच केला असता. निबंधात मात्र या भाषांतराबद्दल अवाक्षर नव्हते. ‘मुलाखती मराठीत घेतल्या’ एवढेच पद्धतीच्या भागात होते. भाषांतर कोणी केले, कशाने केले, तपासले का, काहीच नाही. मला ती चूक सापडली ती वीस बायकांच्या एका वाक्यामुळे, म्हणजे निव्वळ योगायोगाने. ‘नोंदींचे भाषांतर अमुक साधनाने केले’ एवढे जरी लिहिलेले असते, तरी मी पहिल्याच वाचनात कोयता, उचल, मुकादम, फड या शब्दांपाशी थांबलो असतो.

आता कॅल्क्युलेटरच्या युक्तिवादाकडे येतो, कारण तो ऐकायला फार सोपा आणि पटणारा वाटतो. कॅल्क्युलेटर तेच गणित दहादा केले तर दहादा तेच उत्तर देतो, आणि ते उत्तर दुसरा कोणीही ताडून पाहू शकतो. ही लेखनसाधने तोच प्रश्न दोनदा विचारला तर दोन वेगळी वाक्ये देतात. त्यांची आवृत्ती बदलते आणि कालचे उत्तर आज मिळत नाही. शिवाय आपण अशी साधने कधीच जाहीर करत नाही, हे तरी खरे आहे का? साधी बेरीज कोणी जाहीर करत नाही, पण संख्याशास्त्रीय विश्लेषण केले की कोणते सॉफ्टवेअर आणि त्याची कोणती आवृत्ती, हे पद्धतीच्या भागात लिहिण्याची शिस्त आपण वर्षानुवर्षे पाळत आलो आहोत. प्रयोगशाळेत उपकरणाचे मॉडेल लिहितात. साधनाचा परिणाम निष्कर्षापर्यंत पोहोचू शकत असेल तर त्याचे नाव सांगायचे, हा नियम जुनाच आहे.

जर्नलांनीही हे फार लवकर ओळखले. चॅटजीपीटी लोकांसमोर आले ३० नोव्हेंबर २०२२ ला. पहिल्या काही आठवड्यांतच काही निबंधांवर त्याचे नाव चक्क सहलेखक म्हणून झळकले. जानेवारी २०२३ मध्ये ‘नेचर’ने दोन गोष्टी स्पष्ट केल्या: असे साधन लेखक असू शकत नाही, कारण लेखकपणाबरोबर येणारी जबाबदारी ते घेऊ शकत नाही; आणि वापर केला असेल तर तो पद्धतीच्या भागात किंवा ऋणनिर्देशात नोंदवावा. ‘सायन्स’ने आधी असा मजकूर पूर्ण बंद केला आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ती बंदी मागे घेऊन जाहीर करण्याची अट घातली. प्रकाशन-नीतीसाठी काम करणाऱ्या ‘कोप’ या संस्थेनेही फेब्रुवारी २०२३ मध्ये हीच दिशा धरली. बंदीपासून जाहीर करण्यापर्यंतचा ‘सायन्स’चा दहा महिन्यांचा प्रवास मला बोलका वाटतो. बंदी पाळली जाते की नाही हे कळायला मार्ग नसेल, तर ती प्रामाणिक माणसालाच तेवढी लागू होते.

मात्र याच नियमांत एक पळवाट आहे, आणि आपल्याकडच्या निबंधांसाठी ती धोक्याची आहे. बहुतेक प्रकाशक केवळ भाषा सुधारण्यासाठी केलेला वापर जाहीर करायला सांगत नाहीत. शुद्धलेखन, व्याकरण, वाक्याची ठेवण. त्यामागचा विचार मला मान्य आहे. प्रत्येक स्वल्पविरामाचा हिशेब मागू लागलो तर त्या निवेदनाला काही अर्थ उरणार नाही. पण ऊसतोडीच्या निबंधाची लेखिका याच सवलतीवर विसंबली होती. तिच्या मते तिने फक्त ‘इंग्रजी करून घेतले’. इंग्रजीत लिहून इंग्रजीच नीट करून घेणाऱ्याची भाषासुधारणा आणि मराठीतून इंग्रजीत नेणारी भाषासुधारणा या एक नव्हेत. दुसरीत साधन शब्द निवडते, आणि शब्दाबरोबर अर्थही निवडला जातो. मी स्वतः एक कसोटी लावतो. साधनाने असा एखादा शब्द किंवा आकडा ठरवला आहे का, जो चुकला तर निष्कर्ष बदलेल? उत्तर ‘हो’ असेल तर जाहीर करायचे, मग त्याला भाषासुधारणा म्हणा की आणखी काही.

आता विरोधातले जे मुद्दे मला खरोखर वजनदार वाटतात त्यांच्याकडे वळतो. पहिला मुद्दा त्याच लेखिकेने मला नंतर ऐकवला. ती म्हणाली, “सर, माझं बारावीपर्यंतचं शिक्षण मराठीत झालं. ज्यांच्याकडे पैसे आहेत ते दुसऱ्याकडून इंग्रजी तपासून घेतात, त्यांना कोणी कधी विचारलं नाही. मी मशीनकडून करून घेतलं की मात्र जाहीर करायचं?” यावर माझ्याकडे झटकन उत्तर नव्हते, कारण तक्रार खरी आहे. पैसे देऊन भाषा नीट करून घेणे ही आपल्या विद्यापीठीय जगातली जुनी आणि न बोलली जाणारी गोष्ट आहे. नियम नव्हता असे नाही. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती लेखनसाहाय्य करणाऱ्या माणसाचे नाव ऋणनिर्देशात द्या, असे फार पूर्वीपासून सांगत आली आहे. आपण तिकडे पाहिले नाही इतकेच. म्हणून मी म्हणेन, या अन्यायावर उपाय दोघांनीही लपवणे हा नसून दोघांनीही सांगणे हा आहे. आणि एक फरक तरीही उरतो. चांगला भाषा-संपादक कोयता हा शब्द पाहून समासात लिहितो, ‘म्हणजे नक्की काय? हत्यार की माणसे?’ साधन बहुधा विचारत नाही, ते वाक्य गुळगुळीत करून देते. जिथे शंका असायला हवी तिथे ती दिसेनाशी होते. म्हणूनच त्या जागी लेखकाने स्वतः खूण ठेवणे जास्त गरजेचे आहे.

दुसरा मुद्दा याहून अवघड आहे. जाहीर केले की किंमत मोजावी लागते. २०२५ मध्ये ‘द ट्रान्सपरन्सी डायलेमा’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तेरा प्रयोग आहेत, आणि त्यांतून पुन्हा पुन्हा हेच दिसते की एआय वापरल्याचे सांगणाऱ्यावरचा विश्वास कमी होतो. म्हणजे खरे बोलणाऱ्याला दंड आणि गप्प बसणाऱ्याला सूट. मग पंचविशीतल्या, अजून नोकरी न लागलेल्या संशोधकाला आपण कोणत्या तोंडाने ‘सांग’ म्हणायचे?

या प्रश्नाला माझे उत्तर पुण्यातल्या विधी महाविद्यालय रस्त्यावर आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली १९१९ मध्ये, आणि ती पूर्ण झाली १९६६ मध्ये. १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकर तिचे प्रमुख संपादक होते. देशभरातून हस्तलिखिते जमवून, श्लोकामागून श्लोक ताडून, सर्वांत जुना पोहोचता येईल असा पाठ ठरवायचा हे काम. त्या आवृत्तीचे कोणतेही पान उघडले तर वर स्वीकारलेला पाठ दिसतो आणि खाली, कित्येकदा वरच्यापेक्षा जास्त जागा व्यापून, कोणत्या पोथीत काय वेगळे आहे त्याची नोंद. प्रत्येक पोथीला खुणेचे अक्षर. मूळ पाठातून वगळलेले श्लोकही फेकून दिलेले नाहीत, ते तारांकित करून तळाशी किंवा परिशिष्टात छापले आहेत. आणि ज्या शब्दाबद्दल संपादकांची पुरेशी खात्री नव्हती, त्याच्याखाली नागमोडी रेघ मारली आहे. जरा विचार करा, हयात घालवून केलेल्या कामात स्वतःच्या हाताने अशा रेघा मारायच्या. इथे आम्ही डगमगतो आहोत, वाचकाने इथे भार टाकू नये, असे छापून सांगायचे. त्यामुळे त्या आवृत्तीवरचा विश्वास घटला का? उलट ज्या शब्दाखाली रेघ नाही, तो निःशंक घेता येतो तो त्या रेघांमुळेच.

जाहीर करण्याबद्दल आपली समजूत नेमकी इथे चुकते. आपण त्याला कबुलीजबाब समजतो. गुन्हा घडला, आता तो कबूल करा. कबुलीजबाब म्हणून छापलेली ‘एआय वापरले आहे’ ही ओळ सगळ्या निबंधावर सारखीच संशयाची सावली टाकते, कारण कोणता परिच्छेद साधनाचा आणि कोणता लेखकाचा हे वाचकाला कळत नाही. तेव्हा तो सगळ्यावरच अविश्वास दाखवतो, आणि त्याचे चूक तरी काय? नागमोडी रेघ याच्या उलट काम करते. शंका एका जागी बांधून टाकते आणि बाकीचा निबंध मोकळा करते. प्रयोगांत मोजला गेलेला अविश्वास खरा आहे, मी तो नाकारत नाही. पण माझा तर्क असा की ढोबळ निवेदनापेक्षा नेमके निवेदन वाचकाला वेगळे वागायला लावते, कारण त्याला काय तपासायचे ते हातात मिळते. निदान परीक्षक म्हणून माझे तरी तसेच होते.

तिसरा आक्षेप दोन्ही बाजूंकडून येतो: पकडता येत नाही, मग नियम कशाला? आणि यातूनच दहा टक्क्यांची कल्पना जन्मते. ती कुठून आली हे उघड आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविरोधी नियमांत साम्याच्या पातळ्या आहेत. दहा टक्क्यांपर्यंत दंड नाही, त्यापुढे चाळीस, साठ अशा पायऱ्या आणि साठच्या वर नोंदणी रद्द. ‘प्लेजरिझम किती टक्के आलं?’ हे वाक्य आपल्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांच्या तोंडी इतके बसले आहे की ‘एआय किती टक्के आलं?’ हे त्याचे जुळे भावंड वाटते. पण दोन्ही टक्के एका जातीचे नाहीत. साम्याचा अहवाल बोट दाखवतो. हे वाक्य या निबंधातल्या या पानावर आहे, उघडा आणि पाहा. त्यावर वाद घालता येतो, निर्दोष असल्याचे सिद्ध करता येते. एआयच्या टक्क्यामागे असे कोणतेही पान नसते. तो अंदाज आहे, शब्दांच्या ठेवणीवरून बांधलेला. ज्याच्यावर आळ आला तो काय उघडून दाखवणार?

आणि अंदाज किती चुकतो हे माहीत नाही असेही नाही. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतः जानेवारी २०२३ मध्ये असे ओळखणारे साधन काढले. ते एआयच्या मजकुरापैकी फक्त २६ टक्के ओळखत होते आणि माणसांच्या ९ टक्के मजकुरावर खोटा आळ घेत होते. अचूकता कमी म्हणून जुलैत ते बंद केले. त्याच वर्षी स्टॅनफर्डमधल्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांचे टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतले ९१ निबंध सात वेगवेगळ्या साधनांना तपासायला दिले. सरासरीने साठ टक्क्यांहून जास्त निबंध एआयचे ठरले, आणि ते सगळे माणसांनी लिहिलेले होते. कारण साधे आहे. परकी भाषा जपून लिहिणारा माणूस नेहमीचे, अपेक्षित शब्द वापरतो आणि हे साधन अपेक्षितपणालाच यंत्राची खूण समजते. पुढची साधने सुधारली असतील, पण मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याच्या इंग्रजीवर टक्क्याची मर्यादा लावण्याआधी समितीने हा धोका स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला हवा होता. दुसरा परिणाम तर आजच दिसतो आहे. टक्का खाली आणण्यासाठी मुले मजकूर आणखी एका शब्द फिरवणाऱ्या साधनातून काढतात. तिथे कोयत्याचा सिकल झालेला असतो, त्याचे पुढे ‘कटिंग टूल’ होते. नियमामुळे मजकूर सत्यापासून आणखी एक पायरी दूर जातो.

तरीही, पकडता येत नाही म्हणून नियम निरर्थक ठरत नाही. मुलाखत खरोखर घेतली की घरी बसून लिहिली, हे तरी कोणते सॉफ्टवेअर पकडते? औषध कंपनीकडून पैसे घेतल्याचे जाहीर करायचा नियमही बहुतांशी माणसाच्या शब्दावरच चालतो. नियमामुळे मौनाचा अर्थ बदलतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ‘फिझिका स्क्रिप्टा’ या जर्नलमधल्या एका निबंधात मजकुराच्या मध्येच Regenerate response हे शब्द सापडले. ते त्या वेळच्या चॅटजीपीटीच्या पडद्यावरच्या बटणाचे नाव होते, मजकूर उचलताना तेही सोबत आले. प्रकाशकाने निबंध मागे घेतला तो साधन वापरले म्हणून नव्हे, तर ते सादर करताना सांगितले नाही म्हणून. नियम नसता तर ती केवळ लाजिरवाणी चूक ठरली असती.

आता संदर्भाचा प्रश्न. बैठकीत एका मॅडमनी सुचवले की एआयचा मजकूर घेतला तर सरळ इतर ग्रंथांसारखा संदर्भ द्यावा, म्हणजे प्रश्न मिटला. त्यांची सूचना प्रामाणिक होती आणि तिला आधारही आहे. संदर्भलेखनाची रीत ठरवणाऱ्या एपीए या संस्थेने एप्रिल २०२३ मध्ये असा संदर्भ कसा लिहायचा ते सांगितले: लेखकाच्या जागी कंपनी, मग वर्ष, साधनाचे नाव, आवृत्ती, पत्ता, आणि उत्तर मोठे असेल तर पूर्ण उत्तर परिशिष्टात. एमएलए या तशाच दुसऱ्या संस्थेने मात्र साधनाला लेखकाची जागा द्यायला नकार दिला. तिथे आपण विचारलेल्या प्रश्नाचे वर्णनच शीर्षकाच्या जागी येते. लिहिण्याची रीत ठरवता येते, यात शंका नाही. पण संदर्भ कशासाठी असतो? वाचकाने त्या वाटेने जाऊन तीच गोष्ट पाहावी म्हणून. इथे वाट मागे जातच नाही. वाचक त्या पत्त्यावर जाईल आणि त्याला दुसरेच वाक्य मिळेल.

याहून वाईट म्हणजे साधन स्वतःच संदर्भ रचून देते. २०२३ मधल्या एका तपासणीत जीपीटी-३.५ ने दिलेल्या संदर्भांपैकी ५५ टक्के आणि जीपीटी-४ ने दिलेल्यांपैकी १८ टक्के अस्तित्वातच नव्हते. प्रमाण घटत जाईल, पण पाचातला एक असो की पन्नासातला, कोणता खोटा हे उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही. आणि उघडून पाहिले, की संदर्भ त्या मूळ ग्रंथाचाच द्यायचा, साधनाचा कशाला? वैद्यकीय संपादकांच्या समितीनेही एआयच्या मजकुराला प्राथमिक स्रोत म्हणून संदर्भात घेणे अमान्य केले आहे, ते याच विचाराने. माझ्या मते एकाच प्रसंगी असा संदर्भ योग्य ठरतो: साधनाचे उत्तर हाच अभ्यासाचा विषय असेल तेव्हा. समजा कोणी ‘ऊसतोडीच्या बोलीचे भाषांतर ही साधने कसे करतात’ यावर निबंध लिहिला. तिथे ‘ट्वेन्टी सिकल्स’ हा पुरावा आहे. तिथे आवृत्ती, तारीख, विचारलेला प्रश्न आणि पूर्ण उत्तर दिलेच पाहिजे.

जाहीर केले म्हणून जबाबदारी सुटत नाही, हेही इथेच सांगतो. जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखनिक एक श्लोक लिहून ठेवत: ‘यादृशं पुस्तकं दृष्ट्वा तादृशं लिखितं मया। यदि शुद्धमशुद्धं वा मम दोषो न दीयते॥’ जसे पाहिले तसे उतरवले, शुद्ध असो की अशुद्ध, दोष मला देऊ नका. नकलकाराला हे शोभते, कारण तो ग्रंथाचा कर्ता नव्हता. एआयचे निवेदन या श्लोकासारखे वापरले तर मात्र ते निरुपयोगी आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘फ्रंटियर्स’च्या एका जीवशास्त्रीय जर्नलमध्ये उंदराची अशक्य शरीररचना आणि निरर्थक अक्षरांची लेबले असलेली आकृती छापून आली. आकृत्या मिडजर्नी या चित्रे बनवणाऱ्या एआय साधनाने बनवल्या आहेत हे लेखकांनी निबंधात लिहिले होते. जाहीर करण्याचा नियम त्यांनी पाळला होता. तरी काही दिवसांत निबंध मागे घ्यावा लागला, कारण आकृती बरोबर नव्हती; एका परीक्षकाने आकृत्यांवर हरकत घेतली होती, पण लेखकांनी तिला उत्तर दिले नाही आणि आकृती तशीच छापली गेली. म्हणून निवेदनातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग शेवटचा आहे: काय तपासले आणि काय तपासले नाही. एका मोठ्या प्रकाशकाच्या ठरीव मसुद्यात ‘लेखकांनी मजकूर आवश्यकतेनुसार तपासला व संपादित केला’ असे वाक्य असते. ते प्रत्येक निबंधात जसेच्या तसे उतरते आणि म्हणून काहीच सांगत नाही. आवश्यकता किती होती? तपासणारा कोण? मूळ नोंद उघडली का?

ऊसतोडीचा निबंध मी नाकारला नाही. शेरे लिहून परत पाठवला. दीड महिन्याने तो सुधारून आला तेव्हा पद्धतीच्या भागात पाच ओळी वाढल्या होत्या. मराठी नोंदींचे इंग्रजी भाषांतर कोणत्या साधनाने, कोणत्या महिन्यात केले. सगळे आकडे आणि व्यवसायातले शब्द मूळ वहीशी स्वतः ताडले. मुलाखतींतली लांब अवतरणे मात्र ओळीओळीने ताडता आली नाहीत, म्हणून त्यांतली जी निबंधात आली आहेत तेवढ्यांचा मूळ मराठी मजकूर परिशिष्टात दिला आहे. साधनाला संदर्भसूचीत जागा नव्हती, तिथे त्याचे काम नव्हतेच. त्याच परिशिष्टात अकरा शब्दांचा एक तक्ता होता: मूळ शब्द, साधनाने दिलेला शब्द, तिने अखेर ठेवलेला शब्द. कोयता आणि उचल हे शब्द तिने भाषांतर न करता तसेच ठेवले होते.

त्या तक्त्यात एक ओळ माझ्याही नजरेतून सुटलेली होती. ‘मुकादम’चे साधनाने ‘सुपरवायझर’ केले होते. पहिल्या मसुद्यात ते वाचताना मला काही वाटले नाही, देखरेख करणारा माणूस म्हणजे मुकादम, चालेल. पण सुपरवायझर म्हटला की तो कारखान्याचा पगारी माणूस होतो आणि त्याने दिलेले पैसे कारखान्याचे देणे ठरतात. मुकादम उचल आपल्या नावावर घेतो, आपल्या नावाने वाटतो, आणि कामगाराचे देणे त्याच्याशी असते. तक्ता करायला बसली तेव्हा हे तिच्या लक्षात आले होते, आणि कर्ज नेमके कोणाचे याबद्दलचा शेवटून दुसरा परिच्छेद तिने पूर्ण नव्याने लिहिला होता.